लग्नाची आरडी

कराड,
१५ जानेवारी

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, तीन वर्षांनी मे मधे लग्न आहे, त्यासाठी पोस्टातच दर महिन्याच्या हप्त्याची आरडी काढ, तुला कमिशनपण मिळेल." मी हसून विषय बदलला, कारण स्वयंपाक चालू होता आणि आकडे फोनवर डोक्यात राहत नाहीत. म्हणून लिहायला बसले. हे पत्र कपाटात जपून ठेव, वेळोवेळी उघडायला लागेल.

पोस्टाच्या आरडीची एजंट म्हणून गल्लोगल्ली फिरून माझी चप्पल झिजली, शंभराला चार रुपये कमिशनवर तुझ्या शाळेच्या फिया भरल्या. तरी तुला सांगते, तुझ्या लग्नासाठी पोस्टाची आरडी काढायची नाही. पोस्टाचा दर ६.७ टक्के आहे, पैसा सरकारकडे असतो, त्यात खोट काही नाही. पण ती पाच वर्षांची असते. तीन वर्षं झाल्यावर बंद करता येते, पण मुदत संपायला एक दिवस जरी बाकी असला तरी व्याज मिळतं ते बचत खात्याचं, म्हणजे ४ टक्क्यांनी. महिन्याला १०,००० भरून तीन वर्षांनी तू पोस्टातून पैसे काढलेस, तर ३,६०,००० वर व्याज साधारण २२,००० येईल. बँकेत तीन वर्षांचीच आरडी काढलीस आणि दर साडेसहा मिळाला, तर तेच व्याज ३८,००० च्या वर जातं. सोळा हजारांचा फरक निव्वळ मुदत चुकल्यामुळे. पाटणकडच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नाला असं खातं मोडलं, तेव्हा काउंटरवर त्यांचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. खातं काढताना मीच "पाच वर्षांचं आहे हं" असं तीनदा बोलले होते, पण लग्न ठरलं की पाच वर्षं कोण थांबतं!

आता ३८,००० ऐकून तू म्हणशील, साडेसहा टक्के तीन वर्षं म्हणजे साडेएकोणीस, ३,६०,००० वर सत्तर हजार व्हायला पाहिजेत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच विचारतात. अरे, सगळे पैसे तीन वर्षं बँकेत कुठे असतात? पहिला हप्ता छत्तीस महिने राहतो, शेवटचा एकच महिना. सरासरीने प्रत्येक हप्ता दीड वर्षच व्याज कमावतो. त्यामुळे साडेएकोणीसच्या निम्मं, वर थोडं चक्रवाढीचं, एवढंच मिळतं. आरडीने कोणी श्रीमंत होत नाही. तिचा उपयोग एवढाच की हॉलवाला पैसे मागेल त्या दिवशी ते हातात असतात. तुझा तो चाकणचा मित्र म्युच्युअल फंडात एसआयपी कर म्हणतोय, ते दहा वर्षांच्या गोष्टीला ठीक आहे. लग्नाची तारीख ठरलेली असते, त्या मे महिन्यात बाजार पडलेला असला तर केटररला काय सांगणार?

कर्ज काढून लग्न केलं की काय होतं ते तुला अर्धवटच माहीत आहे, तू तेव्हा दहावीत होतास. ताईच्या लग्नासाठी ह्यांनी १ लाख ९० हजार एका पतसंस्थेत साठवले होते. बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देत होती म्हणून. साखरपुडा झाला आणि तिथे पैसे मागायला गेलो तर "पुढच्या आठवड्यात या", मग "चेअरमनसाहेब बाहेरगावी आहेत", असं दोन महिने. लग्नाची पत्रिका छापून झाली होती. शेवटी २ लाखांचं पर्सनल लोन काढलं, १३ टक्क्यांनी, तीन वर्षांचं. हप्ता ६,७३९ रुपये. हा आकडा मला झोपेत विचारलास तरी सांगेन. ताईचं बाळ रांगायला लागलं तरी तिच्या लग्नाचा हप्ता आपण भरत होतो. पतसंस्थेचे पैसे नंतर तुकड्यातुकड्याने मिळाले, काही अजून नाहीत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दीड टक्क्यासाठी तिकडे वळू नकोस, एवढंच.

तुझ्यासाठी तेच गणित मांडलं. लग्नाआधी तीन महिने ४ लाखांचं कर्ज काढलंस, तर याच दराने हप्ता १३,४७८ येतो आणि तीन वर्षांत व्याज ८५,००० जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. आज १०,००० बाजूला काढणं जड वाटतंय, पण तो तुझ्या एकट्याच्या पगारातून आहे. कर्जाचा हप्ता दोघांच्या संसारातून जाईल, तेही घरभाडं आणि गॅसचं सगळं नवं लावताना.

आता खर्चाचं. स्नेहलच्या घरच्यांशी निम्मं-निम्मं ठरलंय ते मला आवडलं. हॉल, जेवण, आपल्याकडचा बस्ता, हळद, मंडप, पत्रिका, बँड, भटजी आणि मानपान धरून आपला वाटा आजच्या भावाने ३,२०,००० होतो. मी ह्यांना बसवून वहीत लिहून घेतलंय. पण लग्न आज नाही. गेली काही वर्षं मी लग्नांत ताटाचा भाव विचारत आलेय, तो दरवर्षी वाढतोच. सगळ्याला सरासरी सात टक्के वाढ धरली तर तीन वर्षांनी हाच खर्च ३,९२,००० होतो. मंगळसूत्र यात नाही. ते मी माझ्या पाटल्या मोडून करणार आहे, त्यात तू पडू नकोस.

खातं मात्र एक काढायचं नाही, तीन काढ. एकच १०,००० चं काढलंस तर सगळे पैसे एकदम शेवटी मिळतील, आणि हॉलवाल्याला ते वर्षभर आधी लागतात. इथल्या चांगल्या कार्यालयांच्या मे महिन्यातल्या तारखा आदल्या उन्हाळ्यातच जातात. म्हणून एक खातं ३,००० चं, चोवीस महिन्यांचं. त्याचे ७७,००० येतील. ते हॉलच्या ॲडव्हान्सला आणि केटररच्या विसाराला. ते मिळाले की तेच ३,००० पुढे बारा महिन्यांच्या नव्या आरडीत घालायचे, त्याचे ३७,००० होतील. दर तेव्हाचा जो असेल तो मिळेल, थोडं इकडेतिकडे होईल. उरलेले ७,००० छत्तीस महिन्यांसाठी, पण ४,००० आणि ३,००० असे दोन खात्यांत. त्यांचे मिळून २,७९,००० होतात. सगळं धरून ३,९३,०००, म्हणजे आपल्या आकड्याला जेमतेम पोचतो.

दोन खाती कशाला, असं वाटेल. मध्येच गाडी बिघडली किंवा कोणी आजारी पडलं तर मोडायची वेळ येते, तेव्हा लहान खातं मोडता येतं आणि मोठं शाबूत राहतं. मुदतीआधी मोडलं की बँक जेवढे महिने झाले तेवढ्याच मुदतीचा दर लावते आणि त्यातूनही अर्धा-एक टक्का कापते. शिवाय मोडण्याआधी बँकेत विचार, आरडीवर कर्ज मिळतं. एखाद-दोन महिन्यांची अडचण असेल तर ते स्वस्त पडतं, कारण खातं चालूच राहतं.

तारखेकडे नीट लक्ष दे, कारण घोळ इथेच होतो. तुझा पगार ७ तारखेला जमा होतो. ज्या तारखेला खातं उघडशील, दर महिन्याला त्याच तारखेला हप्ता कापला जातो. तुझा मावसभाऊ रात्री मोबाईलवरून उघडून बसला, तारीख होती २६. दर २६ ला खात्यात चहापुरतेही पैसे नसतात. हप्ता चुकला की दंड लागतो, शंभराला महिन्याला दीडेक रुपया, म्हणजे ३,००० च्या हप्त्याला ४५ रुपये. रक्कम फार नाही, पण लागोपाठ चुकत गेलं की बँक खातंच बंद करते आणि मग मोडल्याचा दर मिळतो. म्हणून १० तारखेलाच उघड.

आणि १० फेब्रुवारीलाच. एप्रिलच्या पगारवाढीनंतर बघू असं म्हणतोयस ते ऐकून मी घाबरले. बघू-बघू करत छत्तीस महिन्यांची आरडी जुलैत सुरू केलीस तर ती तीन वर्षांनी जुलैत संपेल, आणि लग्न मे मधे आहे! फेब्रुवारीत सुरू झाली तर फेब्रुवारीत हातात येते आणि बस्ता बांधायला तीन महिने मिळतात. पगार वाढला तर वाढीची वेगळी छोटी आरडी काढ, पंधरा-अठरा महिन्यांची, कारण चालू आरडीचा हप्ता मध्येच वाढवता येत नाही. दर मात्र उघडताना लागतो तोच शेवटपर्यंत राहतो. म्हणून दोन-तीन बँकांचे दर आधी बघ. हे सारखं व्याजदर उतरणार म्हणून बातम्या बघत बसतात, त्यांना म्हटलं, मग सागरला तारीख पुढे ढकलू नको म्हणून तुम्हीच सांगा.

टॅक्सचं विचारलं होतंस. आरडीचं व्याज उत्पन्नात धरावंच लागतं. एका बँकेतलं वर्षाचं व्याज ५०,००० च्या आत असेल तर बँक टीडीएस कापत नाही, तुझं त्याच्या बरंच आत आहे. पण रिटर्नमध्ये लिहायला विसरू नकोस.

हॉलच्या माणसाला ह्यांनी तोंडी सांगून ठेवलंय. आत्ता काहीही देऊ नको, पुढच्या वर्षी बोलू. स्नेहलच्या आईला मी फोन करणार आहे, त्यांच्याकडेही असंच काही चाललंय का ते विचारायला.

तब्येत सांभाळ. डब्यात तिळाचे लाडू पाठवलेत, पहिला डबा तुझा आणि दुसरा स्नेहलला दे.

तुझी,
आई

ता. क. नॉमिनीत सध्या माझं नाव घाल. लग्न झालं की बदलायचं, पण तोपर्यंत ती खाती संपलेलीच असतील म्हणा. तीनही खाती उघडलीस की पावत्यांचा फोटो पाठव, मुदतीची तारीख मी स्वतः वाचून बघणार आहे.