विजेवरच्या मोटारीचा खर्च: घरचे युनिट आणि रस्त्यावरचे युनिट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा प्रतिकिलोमीटर खर्च पेट्रोलच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा येतो, असे विधान आपल्या वृत्तपत्रात वाचले. घरच्या वीजदरापुरते ते खरे ठरू शकते. पण घरचा दर आणि सार्वजनिक चार्जरचा दर यांत दुप्पट-तिप्पट तफावत असताना एकच आकडा दिला, तर गाडी घेऊ पाहणाऱ्याची दिशाभूल होते, म्हणून हे पत्र.

दर सर्वत्र वेगळे असल्याने हिशेबापुरती एक लिटर पेट्रोलची किंमत १०० धरू, घरच्या एका युनिटचा दर ८ आणि जलद चार्जरवरचा दर करासहित २४. चलन कोणतेही असो, पाहायचे आहे ते आकड्यांमधले प्रमाण.

आधी शहरातला वापर. माझ्या गाडीच्या पडद्यावर १०० किलोमीटरला १३.५ युनिट असा वापर दिसतो, म्हणजे २०० किलोमीटरला २७ युनिट. तेवढेच अंतर चालवल्यावर मी घरी चार्जिंग सुरू करण्यापूर्वीचे आणि संपल्यानंतरचे मीटरचे वाचन लिहून ठेवले, त्या वेळात घरातली इतर उपकरणे बंद ठेवली, तेव्हा फरक ३१ युनिटांचा निघाला. मधली चार युनिटे गाडीतल्या चार्जरमध्ये आणि बॅटरीत उष्णता होऊन जातात. पडद्यावर ती दिसत नाहीत, बिलात मात्र येतात. त्यामुळे खरा वापर किलोमीटरला ०.१५५ युनिट आणि खर्च १.२४ धरला पाहिजे. शहरात लिटरला १४ किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला तोच किलोमीटर ७.१४ ला पडतो. जिथे वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो, तिथे बिलाची सरासरी न धरता शेवटच्या टप्प्याचा दर धरावा, कारण गाडीची युनिटे नेहमीच्या वापरावर चढतात.

महामार्गावर मात्र चित्र पालटते, आणि नेमकी हीच गोष्ट तुलनेतून सुटते. वेग वाढला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो आणि ब्रेक लावताना परत मिळणारी वीजही फारशी मिळत नाही, त्यामुळे विजेच्या गाडीचा वापर वाढून किलोमीटरला ०.१९ युनिटपर्यंत जातो. पेट्रोलच्या इंजिनाचे उलटे असते. शहरात थांबत-थांबत चालताना वाया जाणारे इंधन एकसारख्या वेगात वाचते आणि तीच गाडी लिटरला २० किलोमीटर देते. म्हणजे जलद चार्जरची गरज जिथे पडते, तिथेच विजेची गाडी जास्त खाते आणि पेट्रोलची कमी. ०.१९ गुणिले २४ म्हणजे ४.५६; पेट्रोलचे ५.००. शहरात किलोमीटरमागे ५.९० वाचत होते, इथे जेमतेम ०.४४ वाचतात. चार्जरचा दर २६ च्या पुढे गेला की तेवढेही उरत नाही. चार्जर मिनिटावर पैसे आकारत असेल, तर बॅटरी ८० टक्के भरल्यानंतर चार्जिंगचा वेग मंदावल्यामुळे शेवटची युनिटे आणखी महाग पडतात, म्हणून प्रवासात तिथेच थांबणे बरे.

आता वर्षाचा हिशेब पाहावा. समजा १२,००० किलोमीटरपैकी ९,००० शहरात घरच्या विजेवर आणि ३,००० महामार्गावर जलद चार्जरवर झाले. शहराचा खर्च ११,१६० आणि महामार्गाचा १३,६८०. अंतर चौथा हिस्सा, बिल मात्र निम्म्याहून जास्त! सरासरी २.०७ येते आणि पेट्रोलची ६.६१. हा सहावा हिस्सा नव्हे, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा आकडा झाला. तरीही बचत मोठीच आहे; फक्त ती जवळपास सगळी शहरातल्या किलोमीटरांतून येते.

ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही, त्यांनी याच कारणासाठी निराश होण्याचे कारण नाही. जलद चार्जरवर गाडीतल्या चार्जरमधली घट टळते, म्हणून शहरातला वापर ०.१५५ ऐवजी ०.१४२ धरला, तर २४ च्या दरानेही किलोमीटर ३.४१ ला पडतो, म्हणजे पेट्रोलच्या निम्म्याहून कमी. ज्यांचा बहुतेक प्रवास महामार्गावरचा आहे आणि घरी चार्जरही नाही, त्यांनी मात्र केवळ इंधनखर्चाच्या बचतीवर भिस्त ठेवून जादा किंमत मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यापुढे अशी तुलना छापताना घरचा दर, सार्वजनिक चार्जरचा दर आणि शहर-महामार्ग यांचे गृहीत धरलेले प्रमाण हे तिन्ही आकडे सोबत द्यावेत, आणि युनिटे पडद्यावरची आहेत की मीटरवरची तेही लिहावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक