विषय : सुधारित पेन्शनच्या थकबाकीतून १६ महिने वगळल्याबाबत

सोलापूर, १० जानेवारी २०१९

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक

महोदय,

मी २००३ मध्ये सोलापूर विभागातून निवृत्त झालेला रेल्वे कर्मचारी. माझी पेन्शन आपल्या शाखेत जमा होते. डिसेंबरच्या पेन्शनसोबत ४०,४८४ रुपये फरक म्हणून जमा झाले. पासबुकात 'पेन्शन एरिअर्स' एवढी एकच ओळ आहे. कोणत्या महिन्यापासूनचा फरक, कोणत्या दराने, काहीही नाही. काउंटरवर "हिशोब सीपीपीसीत, म्हणजे बँकेच्या मध्यवर्ती पेन्शन केंद्रात होतो, आमच्या हातात नाही" असं सांगून मला परत पाठवलं. म्हणून हिशोब मीच मांडला.

सातव्या वेतन आयोगात जुन्या मूळ पेन्शनला २.५७ ने गुणून माझी पेन्शन २०,५५३ झाली होती. नंतर १२ मे २०१७ च्या आदेशाने दुसरी पद्धत आली : निवृत्तीच्या वेळचं वेतन प्रत्येक आयोगात काल्पनिक पद्धतीने निश्चित करायचं, त्याची निम्मी पेन्शन धरायची आणि दोन्हींपैकी जास्त असेल ती द्यायची. माझं काल्पनिक वेतन ४४,९०० येतं, म्हणून सुधारित पीपीओत, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, २२,४५० आहे. दरमहा फरक १,८९७ रुपये. विक्री केलेल्या पेन्शनची कपात दोन्हीकडे सारखीच असल्याने फरकावर तिचा परिणाम होत नाही.

आदेश मे २०१७ चा असला तरी लाभ १ जानेवारी २०१६ पासून आहे, आणि पीपीओवरही तीच तारीख छापलेली आहे. तिथून डिसेंबर २०१८ पर्यंत ३६ महिन्यांचे ६८,२९२ रुपये होतात. महागाई मदत पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. ती जुलै २०१६ पासून २, मग ४, ५, ७ आणि ९ टक्के अशी वाढत गेली. तिचा फरक ३,०६६. एकूण ७१,३५८ रुपये.

म्हणजे ३०,८७४ रुपये कमी आले. त्यातला महागाई मदतीचा ५२२ रुपयांचा भाग वजा करून उरलेल्या ३०,३५२ ला १,८९७ ने भागलं की बरोबर १६ येतात : जानेवारी २०१६ ते एप्रिल २०१७. आपल्याकडे आदेशाचा महिनाच लाभाची सुरुवात म्हणून धरला गेला, हे यावरून स्पष्ट होतं. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या अनेकांना हा भागाकार करून बघणं जमणार नाही. त्यांच्या खात्यांतही हेच झालं असेल, तर तेही तपासा, ही कळकळीची विनंती.

मला देय किती आणि दिले किती हे दाखवणारा महिनावार ड्यू-ड्रॉन तक्ता लेखी द्यावा आणि उरलेली रक्कम जमा करावी. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार उशिरा दिलेल्या थकबाकीवर वार्षिक ८ टक्के व्याज बँकेने मागणीची वाट न पाहता त्याच दिवशी जमा करायचं असतं, तेही द्यावं. तसंच सुधारित पीपीओतली कौटुंबिक पेन्शन, म्हणजे ४४,९०० च्या ३० टक्के, १३,४७० रुपये, आपल्या नोंदीत चढली आहे का ते कळवावं. माझ्या पश्चात पत्नीला या काउंटरवर उभं राहावं लागू नये.

महिनाभरात उत्तर न आल्यास बँकिंग लोकपालाकडे तक्रार करेन.

सोबत : सुधारित पीपीओ व पासबुकाच्या प्रती.

आपला,
एक पेन्शनधारक खातेदार
होटगी रोड, सोलापूर