तक्रार : ‘ओरिजिनल’ म्हणून विकलेलं नकली स्मार्टवॉच आणि त्याने दाखवलेले बनावट आकडे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(ऑनलाइन खरेदी कंपनी)

विषय : तुमच्या संकेतस्थळावरून घेतलेलं नकली स्मार्टवॉच, पैसे परत मिळणे आणि ते विक्रीतून काढणे याबाबत

महोदय,

मी लालबागला राहते. दिवाळीच्या सेलमध्ये मी तुमच्याकडून सासऱ्यांसाठी 1,899 रुपयांना स्मार्टवॉच मागवलं. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. नाडी आणि ऑक्सिजन घरबसल्या कळावा एवढाच हेतू होता. तुमच्या पानावर फोटो अ‍ॅपलच्या घड्याळाचा होता, शेजारी ‘Original’ असा शब्द होता आणि खाली ऑक्सिजन, रक्तदाब, शुगर सगळं मोजतं असा दावा होता. ‘एवढ्या स्वस्तात खरं कसं मिळेल, मॅडम?’ असं तुमच्या प्रतिनिधीने फोनवर उलट मलाच विचारलं. हा प्रश्न त्यांनी पान प्रसिद्ध करण्यापूर्वी विक्रेत्याला विचारायचा होता.

घडलं ते असं. एका संध्याकाळी बाबांना जिना चढून आल्यावर धाप लागली. घड्याळ ऑक्सिजन 98 दाखवत होतं. तरी बरं वाटेना म्हणून खालच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोटाला क्लिप लावली तर 89. डॉक्टरांनी लगेच दवाखान्यात पाठवलं, आता बाबा ठीक आहेत. पण त्यानंतर मी हे घड्याळ नीट तपासलं. माझा भाचा लॅमिंग्टन रोडला मोबाइल दुरुस्त करतो, त्याने मदत केली.

गुंडाळलेल्या टॉवेलवर घड्याळ बांधलं की नाडी दाखवतं, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. तो पुरावा मी देत नाही, कारण हिरवा प्रकाश कापडावरून परत आला की चांगल्या घड्याळातही कधी कधी असा आकडा उमटतो. आम्ही घड्याळाच्या मागच्या काचेवर काळी चिकटपट्टी दुहेरी लावली, म्हणजे आतला प्रकाश बाहेर पडायलाच नको, आणि घड्याळ टेबलावर ठेवून ऑक्सिजन मोजायला लावलं. आकडा आला 97. पुन्हा लावलं, 98. खरं घड्याळ अशा वेळी ‘हातावर नाही’ किंवा ‘मोजता आलं नाही’ असं सांगून थांबतं.

ऑक्सिजन मोजायला लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश लागतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं आणि त्या फरकावरून टक्केवारी काढतात. नाडीला मात्र हिरवा प्रकाश पुरतो. या घड्याळात ऑक्सिजन मोजतानाही फक्त हिरवाच दिवा लागतो. इन्फ्रारेड डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून तो जांभळट चमकताना दिसतो. टीव्हीच्या रिमोटवर आधी खात्री करून घेतली आणि मग घड्याळ पाहिलं, तिथे काहीच चमकलं नाही. भाच्याने भिंगाखाली धरल्यावर कळलं की मागच्या बाजूला जे चार गोल सेन्सर दिसतात त्यातले तीन नुसते छापलेले आहेत.

रक्तदाबाची गंमत याहून वरची. घड्याळ टेबलावर, पट्टी तशीच चिकटलेली. अ‍ॅपमध्ये वय 35 भरलं तर रक्तदाब 118/76 आला. वय 72 केलं, बाकी काहीही हललं नाही, आणि आला 136/87. म्हणजे घड्याळ वय वाचून शोभेलसा आकडा लिहितं. बाबा रोज सकाळी हा आकडा डायरीत टिपून घेत होते आणि डॉक्टरांना दाखवणार होते. शुगरबद्दल काय बोलावं! त्वचेला टोचल्याशिवाय शुगर मोजतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी 2024 मध्येच दिला आहे, कारण अशा एकाही साधनाला त्यांनी परवानगी दिलेली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला हे कसं कळणार? पट्टी लावून बघायची तुम्हाला गरजच नव्हती, तुमचं पान वाचलं असतं तरी कळलं असतं. ‘अँड्रॉइड व आयफोन दोन्हीवर चालेल’ असं तिथे लिहिलंय. खरं अ‍ॅपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडताच येत नाही आणि रक्तदाबाचा आकडाही देत नाही. पानावरचे निम्मे अभिप्राय ‘कव्हर छान बसलं’, ‘काच मजबूत आहे’ असे आहेत. म्हणजे मोबाइल कव्हरच्या जुन्या पानावर माल बदलून घड्याळ चढवलंय आणि चांदण्या तशाच राहिल्यात. खोक्यावरचा अनुक्रमांक checkcoverage.apple.com वर टाकला तर तो ग्राह्यच धरला जात नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव नाही, पत्ता नाही, कोणत्या देशात बनलं तेही नाही. वजनमापे कायद्याच्या 2011 च्या नियमांनुसार हे छापणं सक्तीचं आहे. स्मार्टवॉचला बीआयएसची नोंदणीही सक्तीची आहे. खोक्यावर R- ने सुरू होणारा क्रमांक आहे खरा, पण BIS Care अ‍ॅपमध्ये ‘Verify R-no. under CRS’ वर टाकला तर तो दुसऱ्याच उत्पादकाच्या चार्जरचा निघाला. म्हणजे आत कसली बॅटरी आहे कोण जाणे. चार्ज होताना घड्याळ हात लावू नये इतकं तापतं, म्हणून आता चार्जच करत नाही.

अ‍ॅपबद्दलही लिहायला हवं. सोबतच्या कागदावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की प्ले स्टोअर उघडत नाही, सरळ एपीके फाइल उतरते. घड्याळावर मेसेज दिसायला नोटिफिकेशन पाहण्याची परवानगी लागते, ते मान्य. पण हे अ‍ॅप संपर्क, एसएमएस, कॉल लॉग आणि लोकेशन यांतलं एक जरी नाकारलं तरी बंद पडतं. नोटिफिकेशन दिसतात म्हणजे बँकेचा ओटीपीही दिसतो. बाबांचं पेन्शनचं खातं त्याच फोनवर आहे. आम्ही अ‍ॅप काढून पासवर्ड आणि यूपीआय पिन बदलले.

यावर तुमचं उत्तर आलं, ‘परतीची मुदत संपली आहे, ब्रँडशी संपर्क साधा.’ नकली मालाच्या वॉरंटीसाठी ब्रँडकडे जायचं हे तर्कशास्त्र मला समजलेलं नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे बनावट किंवा जाहिरातीत सांगितलं तसा नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तेच नियम तुम्हाला 48 तासांत तक्रारीची पोच द्यायला आणि महिन्याभरात तिचं निवारण करायला सांगतात.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. पूर्ण रक्कम परत. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता लेखी. ही विक्री बंद, कारण त्याच फोटोनिशी हेच घड्याळ आजही दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने तुमच्याकडे दिसतंय. वारंवार असा माल चढवणाऱ्यांची नोंद ठेवायची जबाबदारी त्याच नियमांनी तुमच्यावर टाकली आहे. आणि ज्यांनी ज्यांनी हे घड्याळ घेतलं त्यांना ‘यातला ऑक्सिजनचा व रक्तदाबाचा आकडा खरा धरू नका’ असा संदेश पाठवा. तो पैशांपेक्षा आधी हवा आहे, बाबांसारखे आणखी कितीजण त्यावर विसंबून असतील.

महिन्याभरात काही झालं नाही तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. 2019 च्या कायद्यामुळे मी राहते तिथेच तो करता येतो आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही.

सोबत पावती, तुमच्या पानाचे स्क्रीनशॉट, BIS Care चा निकाल आणि चिकटपट्टीच्या चाचणीचा व्हिडिओ जोडला आहे. घड्याळ, खोका आणि तो क्यूआरचा कागद माझ्याकडेच ठेवला आहे. तुमचा माणूस न्यायला आला तर अनुक्रमांक लिहिलेल्या सही-शिक्क्याच्या पोचपावतीशिवाय ते देणार नाही.

आपली ग्राहक,
लालबाग, मुंबई
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)