पारा दहाचा वीस झाला, दुप्पट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी ओसरू लागली की हवामानाच्या बातम्यांत ‘पुण्याचा पारा दहावरून वीसवर, तापमान दुप्पट’ अशा धर्तीची वाक्ये हमखास वाचायला मिळतात. यातले आकडे बरोबर असले तरी ‘दुप्पट’ चूक आहे. हीच तापमाने फॅरनहाइटमध्ये लिहिली तर ५० आणि ६८ होतात. हवा तीच, मग दुप्पट गेली कुठे? आणि उणे पाचची दुप्पट केली तर उणे दहा, म्हणजे आणखी गार!

सेल्सिअसचे शून्य म्हणजे उष्णतेचा अभाव नव्हे. पाणी गोठते तिथे सोयीसाठी मारलेली ती खूण आहे. खुद्द सेल्सिअसने १७४२ मध्ये पट्टी उलटी आखली होती. उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर! खरे शून्य उणे २७३.१५ अंशांवर आहे आणि केल्विन पट्टी तिथून मोजायला सुरुवात करते. तिच्यावर आपले दहा अंश म्हणजे २८३ आणि वीस म्हणजे २९३. वाढ जेमतेम साडेतीन टक्के. दहा अंशांची खरीखुरी दुप्पट हवी असेल तर सुमारे २९३ अंश सेल्सिअस गाठावे लागतील.

याचा पुरावा गाडीच्या टायरमध्ये मिळतो. पहाटे दहा अंशांना हवा भरली आणि गेज ३२ दाखवतोय असे समजा. गाडी उभीच असताना टायर वीस अंशांवर आला, तर गेज किती दाखवेल? इथे आणखी एक फसवे शून्य लपले आहे, कारण गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब तेवढा मोजतो. पुण्याच्या उंचीवर बाहेरची हवा साधारण पावणेचौदा पीएसआय दाबते. म्हणजे टायरमधला एकूण दाब पावणेसेहेचाळीस. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून हा दाब केल्विनच्या प्रमाणात वाढतो, साडेतीन टक्क्यांनी, आणि सव्वासत्तेचाळीसच्या थोडा वर जातो. त्यातून बाहेरचा दाब वजा केला की गेजवर साडेतेहेतीसच्या आसपास. तापमान खरोखर दुप्पट झाले असते तर गेज ७५ च्या वर गेला असता!

अर्थात, साडेतीन टक्के म्हणजे उकाडा साडेतीन टक्के वाढला, असेही नव्हे. उकाडा दमटपणावर आणि वाऱ्यावरही ठरतो, तो कुठल्याच तापमापकात मावत नाही. बातमीत ‘दहा अंशांनी वाढ’ छापले तरी पुरे.

फरकांची पट मात्र सेल्सिअसमध्येही खुशाल काढावी. गिझरमधले पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला, २० वरून ४० वर नेण्याच्या दुप्पट उष्णता लागते, कारण वाढ २० ऐवजी ४० अंशांची आहे. तिथे शून्य कुठे धरले याने काहीच बिघडत नाही.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे