‘पुसलं’ म्हणजे नेमकं कुठून पुसलं? माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

चॅटबॉटच्या मागची यंत्रणा सांभाळणं हे माझं काम. “माझी माहिती पुसून टाका” अशी कुणाची विनंती आली की ती माझ्याकडे येते. त्या हक्काचे नियम आपल्या हाती आहेत म्हणून लिहिते आहे. एकदा मी स्वतः “माहिती पुसली” असं एका बाईंना लेखी कळवलं होतं, आणि ते खरं नव्हतं.

त्या बाईंनी चॅटमध्ये आपल्या दम्याबद्दल आणि चालू गोळ्यांबद्दल लिहिलं होतं. विनंती आली त्या दिवशी मी ही ओळ चालवली:

```
DELETE FROM chat_messages WHERE user_id = 4127;
```

सगळे संदेश गेले, मी विनंती बंद केली. काही दिवसांनी दुसऱ्याच कुणीतरी त्याच गोळीबद्दल विचारलं, आणि उत्तर आलं, “तुम्हाला दमा आहे, म्हणून…” त्या माणसाला दमा नव्हता. उत्तर कॅशमधून आलं होतं. खर्च वाचावा म्हणून आम्ही जुनी उत्तरं साठवून ठेवत होतो आणि नवा प्रश्न अर्थानं जवळचा वाटला की तेच उत्तर परत देत होतो. त्या नोंदीवर मालकाचं नाव नव्हतं आणि मुदतही नव्हती. मॉडेल पुरवणाऱ्यांकडचा प्रॉम्प्ट कॅश, म्हणजे मॉडेलला पाठवलेल्या मजकुराचा त्यांनी ठेवलेला तात्पुरता साठा, बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा तासाभरात आपोआप संपतो. आमचा स्वतःचा कॅश मात्र कुणी हात लावेपर्यंत तसाच राहणार होता.

मग व्हेक्टर स्टोअर उघडलं, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, व्हेक्टरमध्ये, बदलून ठेवणारा साठा. बॉटला मागचं आठवावं म्हणून प्रत्येक संवादाचा सारांश तिथे जातो. सारांशावर फक्त संवादाचा क्रमांक, `conversation_id`, होता. तो संवाद कुणाचा, हे ज्या ओळींत लिहिलेलं होतं त्या मीच आधी पुसल्या होत्या. शेवटी गोळीच्या नावानं शोधत, एकेक सारांश वाचत त्यांचे तीन तुकडे हाती लागले. त्या शोधात इतरांचे किती खासगी सारांश माझ्या नजरेखालून गेले, ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी रांगेत थांबलेली कामं थांबवते, नाहीतर पुसून झाल्यावर मागून एखादं काम तोच सारांश पुन्हा लिहून जातं. मग कॅश, मग व्हेक्टर, आणि चॅट लॉग, म्हणजे मूळ संदेशांचा तक्ता, सगळ्यात शेवटी, कारण बाकीच्या प्रतींचा पत्ता त्याच्याकडेच असतो.

“व्हेक्टर म्हणजे नुसते आकडे, त्यात माणूस कुठे?” असं आपल्यालाही कुणी सांगेल. कृपया मानू नका. बहुतेक ठिकाणी त्या आकड्यांशेजारी मूळ मजकूर ठेवलेलाच असतो. तो काढला तरी धोका उरतो: 2023 साली संशोधकांनी 32 टोकनांपर्यंतचे, म्हणजे शब्दांच्या तेवढ्या तुकड्यांचे, छोटे मजकूर केवळ व्हेक्टरवरून परत उभे केले आणि त्यांतले 92 टक्के अक्षरशः जुळले.

शिवाय व्हेक्टर ‘डिलीट’ केला की बऱ्याच स्टोअरमध्ये त्यावर नुसती खूण होते. शोधात तो दिसत नाही, पण डिस्कवर असतो. खरी सफाई पुढे कधीतरी होते. एका प्रचलित स्टोअरच्या मूळ सेटिंगमध्ये, एखाद्या भागातले 20 टक्के तुकडे खूण केलेले झाल्याशिवाय ती सुरूच होत नाही. लाखो तुकड्यांत एका बाईंचे तीन! त्यांची पाळी केव्हा यायची? सफाई मुद्दाम चालवावी लागते.

म्हणून नियमांत एक गोष्ट स्पष्ट यावी अशी माझी विनंती आहे. माहितीची कोणतीही प्रत, मग तो सारांश असो, व्हेक्टर असो की कॅशमधलं उत्तर, लिहितानाच तिच्यावर मालकाचा `user_id` टाकणं बंधनकारक असावं. हे मागाहून जमत नाही. मी करून पाहिलं आहे. ज्या कॅशवर मालक लिहिता येत नाही त्यात एका व्यक्तीच्या संवादातून आलेलं उत्तर जाऊच नये.

“पुसलं” या एका शब्दाचं उत्तरही पुरेसं मानू नये. कोणत्या साठ्यातून, कोणत्या तारखेला आणि खूण केली की सफाई झाली, हे अर्जदाराला कळावं. बॅकअपमधून एक नाव वेगळं काढणं सहसा जमत नाही, हे मी मान्य करते. पण बॅकअप किती दिवसांनी नष्ट होतो ते सांगता येतं, आणि पुसलेल्या आयडींची यादी वेगळी ठेवून बॅकअप परत चढवल्यावर ती आधी लागू करता येते. ही यादी नसेल तर एका रात्रीच्या बिघाडानंतर सगळे पुसलेले संवाद जसेच्या तसे परत येतात.

तपासणी अधिकाऱ्यांना कागद दाखवून भागू नये. त्यांनी चाचणीचं खातं उघडावं, इतर कुणाच्याही संवादात न सापडणारं एखादं वाक्य लिहावं, बॉटला ते आठवतं याची खात्री करावी आणि मग पुसण्याची विनंती करावी. नंतर दुसऱ्या खात्यातून त्याच अर्थाचा प्रश्न विचारावा, आणि स्टोअरच्या फाइलींतही ते वाक्य शोधावं. ही चाचणी आम्ही आधी केली असती, तर त्या बाईंना मला दुसरं पत्र लिहावं लागलं नसतं.

आपली,
एक प्रोग्रामर