नावाची रुजुवात

जळगाव

प्रिय दिलप्या,

पत्र मिळालं. धुळ्यात भाषांतराचं ऑफिस थाटतोयस, दुभाषीही पुरवणार, आणि नाव 'अचूक'. पाटीवाल्याला पैसे दिले नसशील तर जरा थांब.

आपल्या कानाला 'अचूक' झकास लागतं. पण तुझी बरीच कामं सुरतेकडून येणार, आणि गुजरातीत 'अचूक' म्हणजे 'न चुकता, हमखास'. लग्नपत्रिकेत 'अचूक पधारशो' लिहितात, तेच. सुरतेचा व्यापारी पाटी वाचून म्हणेल, काम नक्की मिळेल. बरोबर मिळेल का, ते त्याला त्यातून कळत नाही. शिवाय सेवेचा गुणच सांगणारा शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेलास, तर १९९९ च्या कायद्याचं कलम ९ आडवं येतं.

माझ्या वेळी मी 'मात्रा' धरून बसलो होतो. काना-मात्रेचाही फरक पडू देणार नाही, असा रुबाब! हैदराबादच्या आणि हुबळीच्या आमच्या भाषांतरकार बायांना फोनवर नुसतं नाव सांगितलं आणि विचारलं, पहिलं काय मनात आलं? दोघी म्हणाल्या, औषधाची गोळी. तेलुगूत 'मात्र', कन्नडात 'मात्रे', तमिळमध्येही 'मात्तिरै' म्हणजे गोळीच. झालं, पाटी लावायच्या आधीच औषधाचं दुकान!

ही परीक्षा तूही घे. नाव लिहून पाठवू नकोस, फोनवर सांग. ऐकणाऱ्याने ते आपल्या लिपीत लिहावं आणि तिसऱ्याच माणसाने ते वाचावं. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. बंगाली माणूस 'व'चा 'ब' करतो, हिंदीवाला 'ळ'चा 'ल'. परत आलेलं नाव ओळखू आलं नाही, तर सोडून दे.

मला विचारशील तर 'रुजू' बघ. मूळ कागद आणि नक्कल शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडतात, ती रुजुवात. तेलुगूत 'रुजुवु' म्हणजे पुरावा, कन्नडात 'रुजु' म्हणजे सही, बंगालीत 'ऋजु' म्हणजे सरळ. उच्चार 'रिजु' करतील, चालेल. खोट एकच. आपल्याकडे माणूस कामावर रुजू होतो, म्हणून कुणी तुझ्याकडे नोकरी मागायला येईल. तेव्हा खाली 'भाषांतर व दुभाषी' तेवढ्याच ठळक अक्षरांत टाक. 'दुभाषी' गुजराती-बंगाल्यांनाही कळतो. नोंदणीआधी ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये, म्हणजे भाषांतराची सेवा ज्यात मोडते त्या वर्गात, हे नाव कुणी घेतलंय का, तेवढं बघ.

आणि हे नाव घेतलंस तर प्रत्येक कागद दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्यावा लागेल, आकडे, तारखा आणि माणसांची नावं आधी. त्याचे पैसे आत्ताच दरात धर, नंतर गिऱ्हाईक देत नाही.

थंडीत भरीत खायला ये. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधा