नवरदेवाचे साडेआठ हजार

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "एका नवरदेवाकडून साडेआठ हजार घेतोस? कशाचे?" आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. फोनवर मला नीट सांगता आलं नाही. मागे गिऱ्हाईक बसलं होतं आणि हातात कात्री होती. आज दुकान लवकर आवरलं, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. आई, तू त्यांना वाचून दाखव.

आधी पहिल्या वर्षीची चूक सांगतो, कारण हिशोब तिथूनच सुरू होतो. मागच्या लग्नसराईत पहिल्यांदा नवरदेवाचं पॅकेज लावलं तेव्हा मी भिंतीवरच्या दरपत्रकावरची कामं एकापुढे एक मांडली. कटिंग, दाढी, फेशियल, डी-टॅन, पेडिक्युअर, हेअर कलर, लग्नाच्या दिवशी हॉलवर जाऊन तयारी. बेरीज ५,६०० झाली, ती मी ४,५०० ला दिली. स्वस्त दिसलं की लोक येतील, एवढाच विचार केला होता. लोक आले. पण त्या पहिल्याच लग्नाचा मुहूर्त रविवारी होता. सकाळी सात ते बारा दोन कारागीर हॉलवर गेले आणि इकडे दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. बाहेर गिऱ्हाईक उभं राहून परत जात होतं. रात्री वहीत मांडलं. ४,५०० मधून कारागिरांचा तीस टक्के वाटा १,३५० आणि सामानाचे १,१५० गेले, हातात राहिले २,०००. त्या दोन खुर्च्यांनी रविवारी पाच तासांत ३,५०० केले असते आणि त्यातून सगळं वजा जाता मला २,३०० मिळाले असते. म्हणजे भाडं आणि वीज धरायच्या आधीच तीनशे रुपये खिशातून गेले होते.

म्हणून आता हॉलवरचं काम पॅकेजमध्ये धरत नाही. दुकानातल्या तीन बैठकांचे ६,००० आणि लग्नाच्या दिवसाचे वेगळे २,५००. हॉलवर एकच कारागीर जातो आणि त्या २,५०० मधले हजार त्याचे असतात. दुकानातल्या बैठका मंगळवार ते गुरुवार, दुपारी अकरा ते चार या वेळेतच देतो. बाबा, ही वेळ तुम्हाला माहीत आहे. खुर्ची असते, पंखा फिरत असतो, गिऱ्हाईक नसतं. तीन बैठका मिळून साडेपाच तास लागतात. सामान १,३०० चं, कारागिराचे १,८००, उरतात २,९००, आणि तेही रिकाम्या वेळेत. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत, मधला पौष सोडून, हे चालतं. चातुर्मासात लग्नं नाहीत आणि श्रावणात निम्मं गाव दाढी राखतं. ते दिवस काढायला ही शिल्लक लागते.

आता बाबांचा खरा प्रश्न, कशाचे? माझं उत्तर आहे, तारखांचे. फेशियल कुणीही करतं. ते हळदीच्या किती दिवस आधी करायचं हे सांभाळण्याचे मी पैसे घेतो.

मुलगा साधारण सहा आठवडे आधी आई किंवा बहिणीबरोबर येतो. मी वहीत हळदीची तारीख लिहितो आणि तिथून मागे मोजतो. पहिली बैठक तेव्हाच. त्यात एक साधं फेशियल होतं, तेही कोणतं क्रीम त्याच्या चेहऱ्याला सोसतं ते बघायला. चेहरा लाल झाला, पुरळ उठलं, तर बरं व्हायला महिना हातात असतो. त्याच दिवशी कानामागे हेअर कलरचा ठिपका लावतो आणि ४८ तास धुऊ नको म्हणून सांगतो. खाज सुटली, फोड आला, सूज आली, तर त्याला तो रंग लावायचा नाही, मग आई कितीही आग्रह करो. आणि एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच, मुरुमांसाठी डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत का? त्यातल्या एका जातीच्या गोळ्यांनी कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सच्या पट्टीबरोबर सालच निघते, आणि गोळ्या बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स टाळावं लागतं. चेहरा मुरुमांनी भरलेला असेल तर मी फेशियलचे पैसे घेतच नाही, आधी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवतो.

दुसरी बैठक तीन आठवडे आधी. तिच्यात मुख्य काम पायांचं. आई, हे तुला पटेल. लग्नात मुलीचे आईवडील जावयाचे पाय धुतात, सगळा मांडव बघत असतो, फोटोवाला वाकून जवळून फोटो घेतो, आणि टाचा भेगाळलेल्या असतात. एका पेडिक्युअरने भेगा जात नाहीत. तीन आठवडे आधी एकदा मऊ करून घासायच्या, रोज रात्री मलम लावून मोजे घालायला सांगायचं, आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा एकदा. मुलं चेहऱ्यासाठी येतात, पायांचं कुणाच्या डोक्यातही नसतं.

तिसरी बैठक हळदीच्या चार-पाच दिवस आधी. कटिंग, रंग, शेवटचं फेशियल, हातपाय. कटिंग त्याच्याही नंतर केली तर मानेवरची रेघ नवी-कोरी दिसते आणि बिघडलं तर सुधारायला दिवस राहत नाही. केसांना आकार देताना फेटा डोक्यात ठेवावा लागतो. फेटा दोन-तीन तास बसतो, खाली घाम येतो, आणि रिसेप्शनला काढला की केस कपाळाला चिकटलेले असतात. म्हणून समोरचे केस फार लांब ठेवत नाही, आणि जेलऐवजी कोरडं मेण देतो. जेल घामाने विरघळून कपाळावर उतरतं.

वॅक्सची गोष्ट लिहितो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. गेल्या वर्षी एका मुलाचं छाती-पाठीचं वॅक्स मी हळदीच्या आदल्या संध्याकाळी केलं. त्याला तसंच हवं होतं आणि मी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा-बारा बायकांनी हळद चोळली. केस उपटलेली छिद्रं उघडी होती, त्यात हळद, तेल, घाम आणि सगळ्यांचे हात. आधी आग आग झाली, रात्री पाठभर लाल पुटकुळ्या. त्याने लग्नाचा सदरा अंगाला चिकटू नये म्हणून आत मऊ बनियन घातलं आणि दिवसभर ताठ बसून राहिला. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्याचे सगळे पैसे परत दिले. तेव्हापासून नियम केला, वॅक्स हळदीच्या किमान चार दिवस आधी, आणि ज्याने आयुष्यात कधी केलं नाही त्याचं महिनाभर आधी हाताच्या एका तुकड्यावर करून बघायचं. नाहीतर नुसता ट्रिमर फिरवायचा. ब्लीच तर मी शेवटच्या आठवड्यात करतच नाही.

बाबा, त्या रात्री मला तुमची आठवण झाली. मी लहान असताना तुमच्याबरोबर धोकटी धरून वाड्यावर यायचो. हळदीच्या आधी तुम्ही नवरदेवाच्या गालाला वस्तरा लावत नव्हता. "आज नको, झोंबेल," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी हळद धुऊन आंघोळ झाली की पाटावर बसवायचा, गरम पाण्याने गाल चांगले मऊ होईपर्यंत ब्रश फिरवायचा, आणि वस्तरा फक्त केसांच्या दिशेने. उलटा हात नवरदेवाला कधी नाही. मग ओली तुरटी. मुंडावळ्या बांधायच्या आधी गालावर एक लाल ठिपका नसायचा. आता पातं प्रत्येकाला नवं असतं, धोकटीच्या जागी बॅग आहे, पण हॉलवर जाणाऱ्या कारागिराला मी हेच शिकवलंय. म्हणून २,५०० चं काम हळदीच्या दिवशी नसून लग्नाच्या सकाळी असतं.

घरच्यांचं वेगळं आहे. नवरदेवाबरोबर त्याचे वडील, मामा, भाऊ, दाजी, दोन-चार पोरं असतात. त्यांना मी ५,००० चं कूपन देतो, त्यात ठरावीक कटिंग, दाढ्या, रंग आणि फेशियल. कुणाच्या नावाचं नसतं, घरातलं कोणीही वापरावं. आधी मी नावं घालायचो, तर मामा येणार नाहीत आणि त्यांच्या जागी दुसरे पाहुणे येणार यावरून काउंटरवर वाद व्हायचे. बायकांचं काम तुमची सून वरच्या खोलीत करते. तिचा हिशोब वेगळा, वही वेगळी. ते मी एकत्र करत नाही, कारण पहिल्या महिन्यात एकत्र केलं तेव्हा कुणाचं सामान किती गेलं तेच कळेना.

घरच्यांत सगळ्यात जपायचं ते नवरदेवाच्या वडिलांना. ते वर्षानुवर्षं घरी पुडीचा काळा रंग लावतात आणि लग्नाच्या आदल्या दिवशी येऊन म्हणतात, काळे कर. एक नंबरचा काळा रंग पिकल्या चेहऱ्यावर फोटोत टोपीसारखा दिसतो, आणि कपाळावरचा डाग दोन दिवस जात नाही. त्यांना मी तीन नंबर, म्हणजे काळ्याकडे झुकणारा गडद तपकिरी, सुचवतो आणि चार दिवस आधी बोलावतो. कानामागचा ठिपका त्यांनाही लागतोच. वीस वर्षं लावतोय, काही झालं नाही, असं ते म्हणतात. पण ही ॲलर्जी वीस वर्षांनंतरही एका दिवशी उठू शकते.

पैसे निम्मे आगाऊ आणि उरलेले तिसऱ्या बैठकीला घेतो. लग्नाच्या दिवसासाठी बाकी काहीच ठेवत नाही. मांडवात वरबापाकडे पैसे मागायचे नाहीत, हे तुमच्याकडूनच घेतलंय.

बाबा, आता एक काम आहे. तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आपल्या गावाकडच्या एका घराचं लग्न माझ्याकडे आलंय. मुलाच्या आजोबांची इच्छा आहे की लग्नाच्या सकाळी नातवाची दाढी पाटावर बसवून, वस्तऱ्याने व्हावी. ट्रिमर नको म्हणाले. माझ्या कारागिरांपैकी एकालाही पाटावर बसलेल्याची दाढी करता येत नाही, मान कशी धरायची तेच कळत नाही. तुमचे गुडघे दुखतात, खाली बसू नका. पण समोर खुर्ची टाकून बसा आणि हात कसा चालवायचा ते मला सांगा. दोन दिवस आधी आलात तर कारागिरांकडूनही सराव करून घेता येईल. येताना तुरटीचा मोठा खडा आणा, इथे किराणा दुकानात मिळतो तो हातात भुगा होतो.

आई, तू येताना भाकरीचं पीठ आणू नकोस. इथे ज्वारी मिळते, मी दळून ठेवतो.

तुमचा,
धाकटा